तिमाही संपली की मोजणी सुरू

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला एक अनुपालन अधिकारी नेमावा लागतो आणि तो पात्र कंपनी सेक्रेटरी असावा लागतो. सेबीच्या 2015 सालच्या एलओडीआर विनियमांतच, सहाव्या विनियमात, ही अट आहे. नव्या नोकरीत पहिल्या दिवशी त्याच्या हाती आधीच्या माणसाची एक्सेल शीट पडते. तिच्यात तीन रकाने असतात: विवरणाचे नाव, शेवटची तारीख आणि 'झाले' किंवा 'बाकी'. शीट बघून काम चालू होते, दोन-तीन तिमाह्या सुरळीत जातात, आणि मग एखादे परिपत्रक येते किंवा कंपनी भांडवल वाढवते आणि शीटमधली तारीख चुकीची ठरते. ती कशावरून काढली होती हे शीटमध्ये कुठेच लिहिलेले नसल्यामुळे चूक दंडाचे पत्र येईपर्यंत कळत नाही.

म्हणून माझे ठाम मत आहे की वेळापत्रकात तारीख हाताने टाइप करूच नये. तारीख ज्या वाक्यातून निघते ते वाक्य नोंदवावे आणि तारीख त्यातून काढून घ्यावी. हे कसे करायचे ते एका खऱ्या तिमाहीवर दाखवतो: 30 सप्टेंबर 2025 रोजी संपलेली. ही तिमाही निवडली कारण तिच्या विवरणांच्या मुदतींत दिवाळी येते, आणि मुदती मोजताना ज्या ज्या ठिकाणी माणूस घसरतो ती सगळी ठिकाणे तिच्यात सापडतात. कंपनी कल्पनेतली आहे: नोंदणीकृत कार्यालय पुण्यात, समभाग बीएसई आणि एनएसई दोन्हीकडे मुख्य मंचावर. एसएमई मंचावरच्या कंपन्यांना बऱ्याच बाबतीत वेगळी वारंवारता लागू होते, तिला इथे हात लावत नाही.

सुरुवात विनियम 31 पासून करू. विषय भागधारणेचा तक्ता. कंपनीचे समभाग प्रवर्तकांकडे किती, जनतेकडे किती आणि या दोहोंत न बसणाऱ्यांकडे किती, हे ठरलेल्या नमुन्यात शेअर बाजाराला कळवायचे. जुन्या शीटमध्ये याची एकच ओळ असते: 'भागधारणा, तिमाही, 21 दिवस'. विनियमाचे पोटकलम 31(1) उघडून वाचले तर तिथे तीन वेगळ्या मुदती दिसतात. एक, समभाग बाजारात नोंदले जाण्याच्या एक दिवस आधी. दोन, प्रत्येक तिमाही संपल्यापासून 21 दिवसांच्या आत. तीन, भांडवलाच्या पुनर्रचनेमुळे एकूण भरणा भांडवलात दोन टक्क्यांहून अधिक फरक पडला तर त्यानंतर 10 दिवसांच्या आत. नमुना एकच, पण तो तीन वेगळ्या प्रसंगी मागितला जातो. पहिला प्रसंग कंपनीच्या आयुष्यात एकदाच येतो, दुसरा वर्षातून चारदा, आणि तिसरा कधी येईल हे कॅलेंडर सांगू शकत नाही. हक्कभाग वाटप झाले, प्राधान्य वाटप झाले, बायबॅक झाला की तो येतो. म्हणजे वेळापत्रकात विनियम 31 च्या तीन ओळी हव्यात. ज्यांच्याकडे एकच ओळ असते ते तिमाही तक्ता नेमाने भरतात आणि ऑगस्टमध्ये झालेल्या प्राधान्य वाटपानंतरचा दहा दिवसांचा तक्ता मात्र विसरतात. 'आपण ऑक्टोबरात भरणारच आहोत' असे त्यांना वाटते.

यातून वाचनाची एक पद्धत हाती येते. सूचनेतले प्रत्येक वाक्य समोर घ्यायचे आणि त्याला तेच ते प्रश्न विचारायचे. हे कोणाला लागू आहे? माहिती कोणत्या तारखेची हवी? घड्याळ कोणत्या घटनेपासून सुरू होते? दिवस कॅलेंडरचे की कामकाजाचे? कोणत्या नमुन्यात, कोणाकडे आणि कोणाच्या सहीने जायचे? उत्तर वाक्यात नसेल तर व्याख्यांच्या कलमात शोधायचे, तिथे नसेल तर परिपत्रकात, आणि तिथेही नसेल तर शेअर बाजाराच्या सूचनेत. उत्तर जिथे मिळाले त्या जागेचा क्रमांक आणि तारीख ओळीतच लिहून ठेवायची. पुढच्या माणसाला ही तारीख कुठून आली असा प्रश्न पडला तर त्याला शोधत बसावे लागू नये.

पहिल्या प्रश्नावर लोक फार लवकर पुढे जातात. कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा अहवाल विनियम 27(2) खाली येतो, पण तो कोणाला लागू आहे हे कळायला विनियम 15(2) बघावा लागतो. भरणा समभाग भांडवल 10 कोटी रुपयांपेक्षा जास्त नाही आणि नक्त मूल्य 25 कोटींपेक्षा जास्त नाही, अशा कंपनीला त्या प्रकरणातल्या बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, आणि दोन्ही आकडे मागच्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसाचे बघायचे आहेत. यात 'आणि' हा शब्द महत्त्वाचा. दोन्ही मर्यादांच्या आत असलेल्यालाच सूट मिळते, एक जरी ओलांडली तरी सूट गेली. म्हणून लागू होण्याचा रकाना कायमचा 'होय' किंवा 'नाही' असा भरता येत नाही. दरवर्षी 31 मार्चचे आकडे आले की तो पुन्हा तपासण्याची ओळ वेळापत्रकात वेगळी घालावी लागते.

आता मोजणी. 'तिमाही संपल्यापासून 21 दिवसांच्या आत' या शब्दांत 30 सप्टेंबर हा दिवस धरायचा की सोडायचा? 1897 च्या जनरल क्लॉजेस अॅक्टचे नववे कलम सांगते की 'पासून' म्हटले की पहिला दिवस वगळायचा. म्हणजे 1 ऑक्टोबर हा पहिला दिवस आणि 21 ऑक्टोबर हा एकविसावा. 30 दिवसांची मुदत 30 ऑक्टोबरला संपते, 45 दिवसांची 14 नोव्हेंबरला. एक्सेलमध्ये हे असे लिहायचे, जिथे A2 मध्ये तिमाहीच्या शेवटच्या महिन्यातली कोणतीही तारीख आहे आणि B2 मध्ये दिवसांची संख्या:

```
=EOMONTH(A2,0)+B2
```

21 ही संख्या सूत्रात न लिहिता वेगळ्या खान्यात ठेवली आहे, त्यामागे कारण आहे. मुदत बदलली तर खान्यातली संख्या बदलते, सूत्राला हात लागत नाही, आणि आधी 21 होते हे मागच्या आवृत्तीत दिसत राहते.

आता 21 ऑक्टोबर 2025 म्हणजे कोणता दिवस ते बघा. मंगळवार, लक्ष्मीपूजन. बाजाराला सुट्टी, फक्त दुपारचा मुहूर्ताचा तासभर व्यवहार. दुसऱ्या दिवशी बलिप्रतिपदा, पुन्हा सुट्टी. 18 आणि 19 तारखेला शनिवार-रविवार. बहुतेक कार्यालये 17 तारखेच्या शुक्रवारी संध्याकाळी मिटतात ती थेट 23 ला उघडतात. विनियमातले 21 दिवस कॅलेंडरचे आहेत. सुट्टी आली तर मुदत पुढच्या कामाच्या दिवशी, असे त्यात म्हटलेले नाही. काही जण इथे जनरल क्लॉजेस अॅक्टच्या दहाव्या कलमाचा आधार सांगतात: कार्यालय बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेले काम वेळेत केलेले धरावे. पण विवरण पोर्टलवर भरायचे असते, आणि पोर्टल लक्ष्मीपूजनालाही चालू असते. त्या कलमाच्या भरवशावर मुदत पुढे ढकलू नये. वादाचा मुद्दा असणे वेगळे आणि वेळापत्रकाचा पाया असणे वेगळे.

म्हणून प्रत्येक ओळीला दोन तारखा हव्यात. एक कायद्याची, दुसरी घरची. घरची तारीख कायद्याच्या तारखेआधी कामकाजाचे तीन दिवस धरली तर सूत्र असे होते:

```
=WORKDAY(C2,-3,Holidays)
```

C2 मध्ये 21 ऑक्टोबर असेल तर 20, 17 आणि 16 असे मागे मोजत उत्तर 16 ऑक्टोबर, गुरुवार येते. सूत्र शनिवार-रविवार आपोआप वगळते, आणि `Holidays` या नावाच्या यादीत लिहिलेल्या सुट्ट्याही वगळते. ती यादी कोणाची हे मात्र आपण ठरवायचे असते. शेअर बाजाराची यादी घातली तर 20 तारीख कामाचा दिवस ठरते, कारण नरक चतुर्दशीला सोमवारी बाजार चालू होता. तुमचे लेखा खाते किंवा रजिस्ट्रारचे कार्यालय त्या दिवशी बंद असेल तर ते या यादीला माहीत नाही. मी दोन याद्या ठेवण्याच्या बाजूचा आहे: कायद्याच्या तारखा बाजाराच्या यादीवर, घरच्या तारखा आपल्या कार्यालयाच्या यादीवर. दुसरी यादी दरवर्षी जानेवारीत मनुष्यबळ खात्याकडून मागून घ्यायची, आणि हीसुद्धा वेळापत्रकातली एक ओळच.

इथवर एका विवरणाचे झाले. पण विवरणे सुटी नसतात, ती एकमेकांत अडकलेली असतात, आणि कायद्याच्या तारखांच्या क्रमाने काम केले तर ते उलटे होते. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे भाग भांडवलाच्या ताळमेळाचा अहवाल. तो एलओडीआरमध्ये नाहीच, तो 2018 च्या डिपॉझिटरीज अँड पार्टिसिपंट्स विनियमांतल्या विनियम 76 खाली येतो. त्यामुळे ज्यांचे वेळापत्रक फक्त एलओडीआर वाचून बनते, त्यांच्याकडे ही ओळ नसते. व्यवसाय करणारा कंपनी सेक्रेटरी किंवा चार्टर्ड अकाउंटंट तपासून सांगतो की कंपनीने काढलेले एकूण समभाग, बाजारात नोंदलेले समभाग आणि एनएसडीएल, सीडीएसएल व कागदी स्वरूपात असलेले समभाग यांची बेरीज जुळते. मुदत तिमाही संपल्यापासून 30 दिवस, म्हणजे 30 ऑक्टोबर. भागधारणेचा तक्ता 21 ला आणि ताळमेळ 30 ला, म्हणून लोक आधी तक्ता भरतात आणि मग ताळमेळाला बसतात.

समजा आपल्या कंपनीचे एनएसडीएलमध्ये 1,18,40,000 समभाग आहेत, सीडीएसएलमध्ये 78,35,500 आणि कागदी 3,24,500. बेरीज बरोबर 2,00,00,000. पण 26 सप्टेंबरला कर्मचारी समभाग योजनेखाली 12,000 समभागांचे वाटप मंजूर झाले होते, आणि ते बाजारात नोंदवून डीमॅट खात्यांत जमा व्हायचे आहेत. कंपनीच्या वहीत काढलेले समभाग आता 2,00,12,000 झाले आहेत, डिपॉझिटरीच्या यादीत 2,00,00,000. रजिस्ट्रारने पाठवलेली यादी डिपॉझिटरीच्या आकड्यांवर बनलेली असते. ती तशीच्या तशी उचलून 16 तारखेला तक्ता भरला, आणि 28 तारखेला लेखापरीक्षकाने ताळमेळाच्या अहवालात 12,000 चा फरक दाखवला, तर एकाच कंपनीची एकाच तारखेची दोन उत्तरे बाजाराच्या पोर्टलवर उभी राहतात. फरक असण्यात गैर काही नाही, ताळमेळाच्या अहवालात तो कारणासह दाखवायला जागाच आहे. अडचण होते ती फरक उशिरा कळल्यामुळे. म्हणून ताळमेळाचा कच्चा तक्ता 8 किंवा 9 ऑक्टोबरलाच करून घ्यावा, त्यावरून भागधारणेचा तक्ता बनवावा, आणि सहीचा ताळमेळ अहवाल आपल्या सावकाशीने महिनाअखेर जाऊ द्यावा. वेळापत्रकात यासाठी 'कशावर अवलंबून' असा रकाना ठेवायचा, आणि भागधारणेच्या ओळीत तिथे ताळमेळाच्या ओळीचा क्रमांक लिहायचा.

असाच एक जुळणीचा धागा गुंतवणूकदारांच्या तक्रारींच्या विवरणात असतो. तिमाहीच्या सुरुवातीला बाकी किती, नव्या आल्या किती, मिटवल्या किती, शेवटी बाकी किती. सुरुवातीचा आकडा हा मागच्या तिमाहीच्या शेवटचा आकडाच असला पाहिजे. हे इतके उघड आहे की कोणी तपासत नाही, आणि मग 29 तारखेला आलेली तक्रार जुन्या तिमाहीत धरली की नव्या, यावरून दोन आकड्यांत एकाचा फरक पडतो. जुळणी बिघडली हे ओळखायला शीटमध्ये एक साधा वजाबाकीचा खाना पुरतो. शून्याखेरीज काही आले की भरायचे थांबायचे.

आता नियम बदलतो तेव्हा काय होते ते. तक्रारींचे विवरण विनियम 13(3) खाली आणि गव्हर्नन्सचा अहवाल 27(2) खाली, ही दोन वेगळी कामे होती. गव्हर्नन्स अहवालाची मुदत 2021 पर्यंत 15 दिवस होती, मग 21 झाली. डिसेंबर 2024 मध्ये विनियमांत दुरुस्ती झाली आणि 31 डिसेंबर 2024 च्या परिपत्रकाने सेबीने एकत्रित विवरणाची पद्धत आणली. त्याचे दोन भाग. गव्हर्नन्सचा भाग तिमाही संपल्यापासून 30 दिवसांत, त्यात ही दोन्ही विवरणे आली. वित्तीय भाग 45 दिवसांत, आणि वर्षाच्या शेवटच्या तिमाहीसाठी 60 दिवसांत. भागधारणेचा तक्ता मात्र या एकत्रीकरणाच्या बाहेर राहिला, त्याचे 21 दिवस तसेच. शिवाय 31 डिसेंबर 2024 ला संपलेल्या पहिल्या तिमाहीपुरते गव्हर्नन्सच्या भागालाही 45 दिवस दिले गेले, म्हणजे 14 फेब्रुवारी 2025.

हे सगळे एका ओळीत 'मुदत: 30 दिवस' असे बदलून टाकले की शीट आजच्यापुरती बरोबर होते. पण 2026 मध्ये कोणी विचारले की फेब्रुवारी 2025 मध्ये 12 तारखेला भरलेले विवरण उशिराचे का मानू नये, तर शीटवरून उत्तर देता येत नाही. म्हणून जुनी ओळ पुसायची नाही. तिला 'कोणत्या तिमाहीपासून' आणि 'कोणत्या तिमाहीपर्यंत' असे दोन रकाने द्यायचे, जुनी ओळ सप्टेंबर 2024 च्या तिमाहीवर बंद करायची, डिसेंबर 2024 साठी 45 दिवसांची एकाच तिमाहीची ओळ घालायची, आणि मार्च 2025 पासून 30 दिवसांची नवी ओळ सुरू करायची. मुदतवाढीची परिपत्रके जवळजवळ नेहमी अशी एका तिमाहीपुरती असतात, आणि कायमच्या ओळीत ती मिसळली की पुढच्या तिमाहीत माणूस निवांत राहतो. आणखी एक लक्षात घ्यायचे. आता बऱ्याच मुदती विनियमात न लिहिता सेबीने ठरवून द्यायच्या असतात, म्हणजे आकडा परिपत्रकात राहतो. नुसता विनियम वाचून वेळापत्रक बनवायचा काळ संपला आहे.

एका नमुन्यात सगळे भाग प्रत्येक वेळी लागतातच असेही नाही. गव्हर्नन्सच्या अहवालात प्रवर्तकांना वा त्यांच्या संस्थांना दिलेल्या कर्जांचा, हमींचा भाग अर्धवर्षी आहे. तो सप्टेंबरात भरायचा, डिसेंबरात नाही. म्हणून वारंवारता विवरणाला न लावता त्याच्या भागांना लावावी.

आता वर्षातल्या सर्वांत अवघड ओळीकडे येतो. विनियम 33 खालचे तिमाही वित्तीय निकाल, 45 दिवसांत, म्हणजे 14 नोव्हेंबर 2025, शुक्रवार. ही एक तारीख वेळापत्रकात लिहिणारा माणूस तोंडघशी पडतो, कारण निकाल पाठवण्याआधी संचालक मंडळाने ते मंजूर करायचे असतात आणि मंडळाच्या बैठकीला स्वतःच्या मुदतींची शेपटी दोन्ही बाजूंना असते.

बैठक 12 नोव्हेंबरला, बुधवारी ठेवली असे धरू. शेवटच्या दिवशी, 14 ला, ठेवू नये. गणपूर्ती झाली नाही किंवा लेखापरीक्षकाचा मर्यादित पुनरावलोकन अहवाल संध्याकाळी लांबला तर पुढे दिवसच उरत नाही. आता मागे मोजू. विनियम 29 प्रमाणे निकालांचा विचार करणाऱ्या बैठकीची आगाऊ सूचना बाजाराला किमान कामकाजाचे दोन दिवस आधी द्यायची, सूचनेचा दिवस आणि बैठकीचा दिवस दोन्ही वगळून. डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीआधी निकालांसाठी ही मुदत पाच दिवसांची होती. 12 तारखेच्या आधीचे कामकाजाचे दोन पूर्ण दिवस म्हणजे 11 आणि 10. त्याआधीचा कामाचा दिवस शुक्रवार, 7 नोव्हेंबर. `=WORKDAY(D2,-3,Holidays)` हेच सूत्र इथे चालते, D2 मध्ये बैठकीची तारीख घालून: दोन दिवस पूर्ण आणि तिसरा सूचनेचा. यात -2 लिहिणे ही नेहमीची चूक. तसे केले तर उत्तर सोमवार, 10 तारीख येते आणि मध्ये एकच पूर्ण दिवस राहतो.

संचालकांना द्यायची सूचना वेगळी. कंपनी कायद्याच्या कलम 173 प्रमाणे ती किमान सात दिवसांची, आणि हे दिवस कॅलेंडरचे. दोन्ही टोके वगळली तर 5 ते 11 हे सात दिवस होतात, म्हणजे सूचना उशिरात उशिरा 4 नोव्हेंबरला निघाली पाहिजे. एकाच बैठकीच्या दोन सूचना, एकीचे दिवस कामकाजाचे आणि दुसरीचे कॅलेंडरचे. शिवाय 5 नोव्हेंबरला गुरुनानक जयंतीची सुट्टी. ती एका मोजणीत धरली जाते, दुसरीत नाही. म्हणून दिवसांच्या प्रकाराचा रकाना कधी रिकामा सोडू नये.

बैठक संपली की घड्याळ तासांत आणि मिनिटांत धावू लागते. निर्णय बाजाराला 30 मिनिटांत कळवायचा. बैठक बाजाराच्या कामकाजाच्या वेळेनंतर, म्हणजे दुपारी साडेतीननंतर संपली, तर तीन तास मिळतात, आणि ही सवलतही डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीतलीच. आपली बैठक 12 तारखेला संध्याकाळी 5 वाजता संपली असे धरले तर रात्री 8 पर्यंत. इथे वेळापत्रकाला लागतो तो बैठक संपल्याचा नेमका क्षण. तो इतिवृत्तात लिहिला जातो, बाजाराला पाठवलेल्या पत्रात लिहिला जातो, आणि दोन्हीकडे एकच असावा लागतो. बैठकीत बसलेल्या सेक्रेटरीने तो घड्याळ बघून टिपून घ्यावा, आठवणीवर सोडू नये.

सप्टेंबर तिमाहीच्या निकालांबरोबर नेहमीपेक्षा जास्त कागद जातात. सहामाही असल्याने ताळेबंदाचे विवरण आणि रोख प्रवाहाचे विवरण जोडायचे. विनियम 23(9) खालचा संबंधित पक्षांच्या व्यवहारांचा तपशील निकाल प्रसिद्ध होतात त्याच दिवशी द्यायचा. त्याला स्वतःची दिवसांची मुदत नाही, म्हणून त्याच्या ओळीत तारखेच्या जागी निकालांच्या ओळीचा खाना जोडायचा. बैठक 12 वरून 10 ला सरकली तर हीही आपोआप सरकते. कंपनीने हक्कभाग किंवा प्राधान्य वाटपातून पैसे उभारले असतील तर विनियम 32 प्रमाणे पैशाच्या विनियोगाचे विवरणही दर तिमाहीला जाते, ते पैसे पूर्ण वापरले जाईपर्यंत. अशा ओळीला सुरू होण्याची आणि बंद होण्याची अट दोन्ही लागतात, नाहीतर ती एकतर उगवतच नाही किंवा कायमची चिकटून बसते.

आणि मग वर्तमानपत्र. विनियम 47 प्रमाणे निकालांची जाहिरात एका इंग्रजी दैनिकात आणि नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे त्या प्रदेशाच्या भाषेतल्या एका दैनिकात द्यायची, बैठक संपल्यापासून 48 तासांच्या आत. कार्यालय पुण्यात म्हणजे मराठी दैनिक. कारखाना गुजरातेत आणि बहुतेक भागधारक बेंगळुरूत असले तरी भाषा ठरते ती नोंदणीकृत कार्यालयावरून. 48 तास म्हणजे 14 तारखेची संध्याकाळ, पण छापील अंक सकाळी निघतो. म्हणून खरे पर्याय दोनच, 13 चा अंक किंवा 14 चा. 13 चा गाठायचा तर मजकूर 12 च्या रात्री दैनिकाच्या जाहिरात विभागाकडे पोचला पाहिजे, आणि तिथे जागा आधीच राखून ठेवलेली असावी लागते. आता जाहिरातीत सगळे आकडे छापण्याऐवजी संकेतस्थळाचा दुवा आणि क्यूआर कोड देण्याची सोय आहे, त्यामुळे मराठी मजकूर आठवडाभर आधी तयार करून तपासून घेता येतो. तो तपासलाच पाहिजे. घाईत केलेल्या भाषांतरात 'अलेखापरीक्षित' मधला 'अ' गळाला तर लेखापरीक्षण न झालेले निकाल लेखापरीक्षित म्हणून वाचकांसमोर जातात.

नमुन्याच्या रकान्यात 'एक्सबीआरएल' किंवा 'पीडीएफ' एवढे लिहून भागत नाही, कारण निकाल दोन्हींत जातात. मंडळाने सही केलेली पीडीएफ आधी, आणि तेच आकडे नंतर एक्सबीआरएलच्या साच्यात हाताने किंवा सॉफ्टवेअरने भरलेले. इथे जी चूक सर्वांत जास्त होते ती एककाची. पीडीएफमध्ये आकडे लाखांत, साच्यात निवडलेले एकक कोटी. साच्याची तपासणी बेरजा बघते, त्या शंभरपट चुकीच्या एककातही जुळतात, म्हणून फाइल बिनतक्रार स्वीकारली जाते. ओळखायची खूण सोपी आहे: प्रति समभाग कमाईला एकक लागत नाही. निव्वळ नफा भागिले समभागांची संख्या हा भागाकार साच्यातले आकडे घेऊन करून बघा. 2 कोटी समभाग आणि 640 लाखांचा नफा असेल तर 3 रुपये 20 पैसे आले पाहिजेत. 320 रुपये आले तर एकक चुकले आहे.

भरल्यानंतर 'झाले' अशी खूण पुरेशी नाही. पोर्टलने दिलेला पावती क्रमांक, स्वीकारल्याची वेळ मिनिटांसह, आणि भरलेल्या फाइलची प्रत, तिन्ही त्याच ओळीला जोडून ठेवावे. दंडाचे गणित दिवसांवर चालते. सेबीच्या 2020 च्या परिपत्रकात भागधारणेच्या तक्त्याला दिवसाला 2,000 रुपये आणि निकालांना दिवसाला 5,000 रुपये अशी आकारणी ठरवलेली आहे. रक्कम मोठी वाटणार नाही, पण सलग दोन तिमाह्या चुकल्या तर प्रकरण दंडापुरते थांबत नाही, समभाग 'झेड' गटात टाकण्यापर्यंत आणि प्रवर्तकांची भागधारणा गोठवण्यापर्यंत जाते. दिवस मोजताना वाद झाला की पावतीवरची वेळच कामी येते.

वेळापत्रकात आणखी दोन ओळी घालाव्या लागतात ज्या कोणत्याही विनियमात विवरण म्हणून लिहिलेल्या नाहीत. सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीची मुदत कधी संपते ती एक, कारण ती नेमकी 21 ऑक्टोबरच्या आठवड्यात संपू शकते आणि दिवाळीत नवी मिळायला वेळ लागतो. आणि दुसरी, नव्या परिपत्रकांच्या वाचनाची, दर सोमवारी. त्या ओळीत नुसती खूण करायची नाही, त्या आठवड्यात आलेले प्रत्येक परिपत्रक वेळापत्रकातल्या कोणत्या ओळीला लागते त्या ओळीचा क्रमांक लिहायचा, आणि कुठल्याच ओळीला लागत नसेल तर तसे लिहायचे.